राजीनाम्यावर सही करण्याआधी: कामगार कपातीची फाईल कशी वाचावी

चिपळूणला कामगारांच्या केसेस घेणाऱ्या वकिलांकडे मी ज्युनिअर म्हणून लागलो, तेव्हा लोटे एमआयडीसीतून येणारी माणसं बहुधा एकच वाक्य बोलायची: "साहेब, काढलं नाय हो, राजीनामा लिहून घेतला." नव्याने या कामात येणाऱ्याने फाईल उघडल्यावर आधी हाच कागद शोधावा. स्वखुशीचा राजीनामा ही कपात नव्हे, आणि कपात नाही तर कपातीची भरपाई नाही. सही दबावाखाली झाली हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

आता हिशोब बघू. समजा, एका ऑपरेटरची नोकरी 7 वर्षं 8 महिने झाली आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये, बाकी भत्ते नाहीत. कपात करायची तर एक महिन्याची लेखी, कारण देणारी नोटीस हवी, नाहीतर त्या महिन्याचा पगार, म्हणजे 18,000. भरपाई दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची. वरचे महिने सहापेक्षा जास्त असल्याने 8 वर्षं धरायची: 9,000 गुणिले 8, म्हणजे 72,000. ग्रॅच्युइटी वेगळी, आणि तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून साधारण 83,077 रुपये. मालक पुष्कळदा हे दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळून "फुल अँड फायनल" म्हणून पुढे करतो. तो कागद आकडे सुटे करून वाचायचा.

बारा महिन्यांत 240 दिवस भरले की ते वर्ष सलग सेवेचं धरतात. पगारी रविवार आणि सुट्ट्या त्यात येतात, हे कित्येक कामगारांना माहीतच नसतं. पण दिवस भरल्याचा पुरावा आधी कामगारानेच द्यायचा असतो, आणि मस्टर असतं मालकाकडे. म्हणून मी पहिल्या भेटीतच पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, ईएसआयचे कागद मागतो. ठेकेदाराच्या नावावर असलेल्यांचं प्रकरण इथेच अडतं.

ले-ऑफचं गणित निराळं. तिथे माणूस कामावरच असतो, फक्त काम मिळत नाही. पन्नासहून कमी कामगारांच्या किंवा हंगामी कारखान्याला ले-ऑफच्या भरपाईचा नियम लागत नाही, त्यामुळे आंब्याच्या हंगामापुरत्या चालणाऱ्या कॅनिंगमधल्या कामगारांना ती सहसा मिळत नाही. जिथे लागतो, तिथे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मे मिळतात.

कारखाना बंद झाला तरी भरपाई कपातीसारखीच. मात्र मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद पडला असेल, तर ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाएवढी. नुसता तोटा किंवा पडून राहिलेला माल हे असं कारण होत नाही. मालकाच्या पत्रात "आर्थिक अडचण" एवढंच लिहिलेलं असेल तर ती मर्यादा मान्य करू नका.

औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कामावरून काढलेल्या कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवस झाले की थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी ही मुदत तीन वर्षांची होती, आणि गावात अजून तीनच सांगतात.