बी.कॉम.नंतर डिजिटल मार्केटिंगसाठी अर्ज करताय? मेलमधल्या या चुका टाळा

नागपूरच्या एका एजन्सीत नवीन मुलांचे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आहे. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या बी.कॉम. झालेल्या मुलांच्या मेलमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "मी एसईओ, गूगल ॲड्स, फेसबुक ॲड्स आणि कॅनव्हा यूट्यूबवरून शिकलो आहे." यावरून नुसते व्हिडिओ पाहिलेत की स्वतः काही करून पाहिलंय, हे मला कळत नाही.

दिग्रसकडच्या एका मुलाने पुढे एवढंच लिहिलं होतं: "एका स्थानिक व्यवसायासाठी यशस्वी जाहिरात मोहीम राबवली." मी फोन करून विचारलं, तेव्हा सगळी हकीकत कळली. मामाचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. ऐन फवारणीच्या दिवसांत त्याने गूगलवर आठवडाभर जाहिरात चालवली, दुकानापासून 30 किलोमीटरपर्यंत. पहिल्या 3 दिवसांत 45 क्लिक आले, 450 रुपये गेले आणि फोन आले फक्त 2. मामा म्हणाले, "भाऊ, लोक फक्त भाव इचारते, पंप कोनी आनत नाही."

त्याने सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला. "स्प्रे पंप" हा शब्द त्याने ब्रॉड मॅचमध्ये ठेवला होता, त्यामुळे नवीन पंपाची किंमत शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसत होती. मग त्याने "दुरुस्ती" असलेले शब्द फ्रेज मॅचमध्ये घेतले आणि "किंमत", "नवीन", "ऑनलाइन" हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकले. पुढच्या 4 दिवसांत 18 क्लिक, 360 रुपये, 6 फोन. त्यातले 3 जण पंप घेऊन आले.

आता हिशेब बघा. क्लिक 10 रुपयांवरून 20 रुपयांवर गेला, पण एका फोनचा खर्च 225 वरून 60 रुपयांवर आला. जाहिरातीवर 18 टक्के जीएसटी लागतो. तो धरला तर शेवटच्या 4 दिवसांचे 424 रुपये 80 पैसे होतात, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे 141 रुपये 60 पैसे. सुटे भाग वजा जाता मामांना एका पंपामागे दीडशे रुपये सुटतात. म्हणजे त्या 4 दिवसांत जेमतेम खर्च निघाला आणि आठवडा धरला तर तोटाच झाला. हे सगळं त्याला फोनवर तोंडपाठ होतं. मेलमध्ये मात्र त्याने "यशस्वी" हा एक शब्द लिहून ते झाकून टाकलं होतं. तोटा लिहिला तर नोकरी मिळणार नाही, असं त्याला वाटत होतं. मला तर तो तोटाच महत्त्वाचा वाटला, कारण तो कुठून आला हे त्याने शोधून काढलं होतं.

मेलमध्ये त्याने हे असं लिहायला हवं होतं (मेल इंग्रजीत पाठवायचा असला तरी आधी मराठीत लिहून बघा, पोकळ शब्द लगेच उघडे पडतात):

"मामांच्या पंप दुरुस्तीच्या दुकानासाठी 7 दिवस गूगल सर्च जाहिरात चालवली. जीएसटी सोडून खर्च 810 रुपये, 8 फोन, 3 गिऱ्हाइकं. सुरुवातीला कीवर्ड चुकले होते, निगेटिव्ह कीवर्ड टाकल्यावर एका फोनचा खर्च 225 वरून 60 रुपयांवर आला. एकूण हिशेबात तोटा झाला. त्याची शीट सोबत जोडली आहे."

दुसरी चूक पदवीबद्दलची. "माझं शिक्षण कॉमर्सचं असलं तरी..." अशी माफी मागितल्यासारखी सुरुवात करू नका. एका गिऱ्हाइकामागचा खर्च आणि त्यातून सुटणारा पैसा शेजारी मांडणं, जीएसटी न विसरणं, हे बी.कॉम.च्या मुलाला सहज जमतं. वरच्या परिच्छेदात ते आपोआप दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आकडे लहान असले म्हणून फुगवू नका. तालुक्याच्या गावात एखादी गोष्ट गूगलवर शोधणारे थोडेच असतात, हे आम्हाला ठाऊक असतं. तिथून आठवड्यात हजारो क्लिक आल्याचं कुणी लिहिलं की पहिला प्रश्न त्यावरच येतो.

गूगल स्किलशॉपचं प्रमाणपत्र असेल तर एका ओळीत तारखेसह लिहा. ते वर्षभरच चालतं, त्यामुळे मुदत संपलेलं पाठवू नका.

शेवटची चूक साधी, पण तिच्यापायी चांगले अर्ज मागे पडतात. ड्राइव्हची लिंक "Restricted" राहते आणि आमच्याकडे परवानगी मागणारं पान उघडतं. ती "Anyone with the link" करा आणि पाठवण्याआधी इन्कॉग्निटो खिडकीत किंवा मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा. शीटमध्ये गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतील तर आधी काढून टाका, आणि आकडे बाहेर द्यायला दुकानदाराची हरकत नाही ना, हे त्यांना विचारून घ्या.