मोठा सेगमेंट म्हणजे चांगला सेगमेंट? टार्गेटिंगच्या केसमध्ये या चुका टाळा

एमबीए-बीबीएच्या मार्केटिंगच्या पेपरात टार्गेटिंगची केस आली की निम्म्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘हा सेगमेंट सर्वांत मोठा असल्यामुळे सर्वांत आकर्षक आहे.’ मार्क जायला सुरुवात होते ती इथूनच.

एक काल्पनिक केस घेऊ. अंबडच्या एमआयडीसीत मिसळ मसाल्याचा छोटा कारखाना आहे, क्षमता महिन्याला 5,000 किलो. समोर तीन सेगमेंट आहेत. पहिला घरगुती ग्राहकांचा: किराणा दुकानांतून महिन्याला 40,000 किलो खप. दुसरा नाशिक आणि आसपासच्या मिसळ हॉटेलांचा: 12,000 किलो. तिसरा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, ऑनलाइन मसाला मागवणाऱ्या नाशिककरांचा: जेमतेम 1,000 किलो, पण झपाट्याने वाढणारा.

आकार बघून घरगुती सेगमेंटवर बोट ठेवायचा मोह होतो. पण हा आकार साऱ्यांनाच दिसतो, म्हणून मोठे ब्रँड तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेत. दुकानदाराला 45 दिवसांची उधारी हवी आणि पाकीट दर्शनी फळीवर ठेवायचं तर स्कीमही हवी. सेगमेंटची आकर्षकता तपासताना आकार आणि वाढ ही पहिली पायरी. स्पर्धक किती, पर्यायी माल कोणता, नवे खेळाडू किती सहज येतात, ग्राहक आणि पुरवठादार किती दाबू शकतात, ही दुसरी. आणि कंपनीचा पैसा, माणसं व उद्दिष्ट त्याला पुरतात का, ही तिसरी. तिसरी पायरी विसरणारे सर्वाधिक. एकच सेगमेंट एका कंपनीला फायद्याचा आणि दुसरीला खड्डा ठरू शकतो.

आता आकडे मांडू. घरगुतीत 5 टक्के वाटा मिळाला तरी 2,000 किलो; किलोमागे 60 रुपये सुटले तर 1,20,000. सेल्समन, जाहिरात आणि स्कीमचा खर्च मात्र 1,50,000. म्हणजे महिन्याला 30,000 खिशातून. हॉटेलांत 25 टक्के वाटा म्हणजे 3,000 किलो. इथे किलोमागे 45च सुटतात, पण 1,35,000 मधून एक माणूस आणि डिलिव्हरीचे 35,000 वजा जाता 1,00,000 उरतात. ऑनलाइनला 20 टक्के म्हणजे 200 किलो, किलोमागे 150. 30,000 मधून जाहिरात आणि ऑनलाइन दुकानाचे ठरलेले 25,000 गेले की 5,000.

दुसरी चूक इथली. ‘जोखीम विभागली जाते, म्हणून डिफरन्शिएटेड’ असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. तिन्ही सेगमेंट घेतले तर 5,200 किलो लागतात, क्षमता 5,000 ची. क्षमतेचा अडसर बाजूला ठेवला तरी हाती 75,000 येतात, एकट्या हॉटेलांपेक्षा 25,000 कमी. प्रत्येक जादा सेगमेंटबरोबर वेगळं पॅकिंग, वेगळा विक्रेता, वेगळी जाहिरात येते. तो खर्च उत्तरात दिसलाच पाहिजे.

मग हॉटेल आणि ऑनलाइन दोन्ही का नको? वरवर 1,05,000 दिसतात. पण ऑनलाइनचा वाटा 20 वरून 16 टक्क्यांवर घसरला की 160 किलो, म्हणजे 24,000, आणि खर्च 25,000. अंदाज जरासा हलला तर नफ्याचा तोटा होणार असेल, तर ते उत्तरात लिहा. असा पडताळा फार कमी जण देतात. तपासणाऱ्याच्या तो लगेच नजरेत भरतो.

अनडिफरन्शिएटेडला एका ओळीत ‘जुनाट पद्धत’ म्हणून उडवू नका. सगळ्यांची गरज सारखी असेल, माल फारसा बदलत नसेल, तर तीच स्वस्त पडते. इथे ती का बसत नाही, हे सांगा: हॉटेलवाल्याला 5 किलोची पिशवी आणि आपल्या तर्रीला जमेल असा तिखटपणा हवा, घरच्या बाईला 100 ग्रॅमचं पाकीट. एकाच लाल पाकिटावर भागवलं तर हातची हॉटेलं जातात.

आणखी एक गोंधळ बारीक आहे. हॉटेलांना 3,000 किलो दिल्यावर उरलेली क्षमता वापरून सुटा मसाला एखाद्या घाऊक व्यापाऱ्याला विकला, तर स्ट्रॅटेजी डिफरन्शिएटेड झाली का? नाही. त्या मालासाठी वेगळं मार्केटिंग मिक्स आखलेलं नाही, म्हणून ती कॉन्सन्ट्रेटेडच राहते. कितीजणांना विकलं हे मोजू नका. किती मिक्स आखले ते मोजा.

कॉन्सन्ट्रेटेड निवडलीत की तिची जोखीमही स्वतःहून लिहा. समजा, दोन मोठी हॉटेलं मिळून 1,200 किलो उचलत असतील आणि त्यांनी उद्या स्वतःची चक्की टाकली, तर किलोमागे 45 प्रमाणे 54,000 जातात आणि हातात 46,000 उरतात. त्यासोबत निर्णय कधी बदलायचा, तेही आकड्यात द्या. खर्च 25,000च राहून ऑनलाइन विक्री 500 किलोवर गेली, तर त्यातून 50,000 सुटतात. तेव्हा हॉटेलांसोबत दुसरं मिक्स उभं करून डिफरन्शिएटेडकडे वळायला हरकत नाही; 3,500 किलो क्षमतेतही बसतात.