सर्वेक्षणानंतरचे आभारपत्र : निष्कर्ष सांगताना या चुका टाळा

समजा, एका गावात २०० महिलांच्या रक्ताची तपासणी झाली. बचत गटातील १०० महिलांपैकी ३५ जणींचे आणि गटाबाहेरील १०० महिलांपैकी ५५ जणींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी आढळले. आता सहभागी महिलांना आभारपत्र पाठवायचे आहे.

पहिली चूक इथेच होते. ‘बचत गटात गेल्याने रक्त वाढते’ असे वाक्य सहज लिहिले जाते, परंतु दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजल्या असल्यामुळे कशामुळे काय झाले हे या पाहणीतून कळत नाही. ज्यांची प्रकृती बरी आहे किंवा ज्यांना घराबाहेर पडण्याची मुभा आहे, त्याच गटात येत असतील, हेही शक्य आहे. म्हणून ‘गटातील महिलांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण कमी दिसले, त्याचे कारण आम्ही तपासलेले नाही’ असे लिहावे. ‘गटाबाहेर धोका दीडपटीहून अधिक’ हे गणिताने बरोबर असले तरी वाचणारी घाबरते. ‘दर २० जणींपैकी गटात ७, गटाबाहेर ११’ हे तिला लगेच उमगते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. ‘वाडीवरील तिन्ही विधवा महिलांचे रक्त कमी आहे’ या वाक्यात नाव नाही, तरी गावात प्रत्येकीची ओळख उघड होते. पाचपेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे देऊ नयेत. मात्र एवढ्यावर थांबू नये. गट मोठा असला तरी ‘सर्वच’ किंवा ‘एकही नाही’ असे लिहिताच त्यातील प्रत्येकीचा निकाल कळतो, आणि एकूण आकड्यातून इतर गट वजा केले की लपवलेला आकडा पुन्हा हाती येतो.

वैयक्तिक निकालासाठी या पत्राची वाट पाहू नये. गरोदर नसलेल्या महिलेचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो तीव्र रक्तक्षय ठरतो. तिला त्याच दिवशी एकांतात सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

कोण सुटले, हेही पत्रात यावे. पाहणी ऊसतोडणीच्या हंगामात झाली असेल, तर ‘तोडणीला गेलेल्या महिला आम्हाला भेटल्या नाहीत, त्यामुळे हे आकडे संपूर्ण गावाचे नाहीत’ हे वाक्य आभाराच्या दोन ओळींइतकेच आवश्यक आहे.

छपाईपूर्वी हा मसुदा दोन-तीन सहभागी महिलांना वाचून दाखवावा. ‘समजले का?’ असे विचारल्यास बहुतेक जणी ‘हो’ म्हणतात, म्हणून ‘यातून तुम्हाला काय कळले, आणि आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. ‘गटात नाव घालते, म्हणजे रक्त वाढेल’ असे उत्तर आले, तर निष्कर्षाचे वाक्य पुन्हा लिहावे आणि नव्या महिलेला वाचून दाखवावे.