मुलं झोपली की आम्हीही झोपायचो: माझा अनुभव

थोरला चार वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. दिवसभर आमचं बोलणं म्हणजे "दूध संपलंय" आणि "डायपर आण". रात्री पाठ टेकली की संपलं.

शनिवारी इंदूरच्या सराफ्यात रात्रीच्या खाऊगल्लीत जायचं ठरवलं, पण सराफा रंगतो उशिरा आणि तोवर आमचे डोळे मिटलेले. मुलांना सासूबाईंकडे ठेवून सिनेमाला गेलो, तर मध्यंतराआधीच दोघं झोपलो. त्या रात्री मला रडूच आलं.

मग रात्रीचा नाद सोडला. आता झोपण्यापूर्वी ओट्यावर पातेलं, आलं आणि दोन कप काढून ठेवते. सकाळी सहाच्या सुमारास धाकटी दूध पिऊन परत झोपते, तेव्हा हे चहा टाकतात. फोन आत ठेवून गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसतो. पहिले दोन-चार घोट कोणीच बोलत नाही. मग एकच प्रश्न, "काल कशानं थकलीस?" किंवा "थकलास?" फी, किराणा, लसीकरण हे विषय तिथे नाहीत. कप रिकामे झाले की उठायचं.

धाकटी जागी झाली तर मांडीवर घेतो. ती आजारी असली तर त्या दिवशी चहा नाही, आणि त्याची भरपाई रात्री करत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी उशिरा उठले, तर हे माझा कप झाकून वाट बघत बसले होते.