भूकंपांच्या खोलीवरून भूपट्टाचा उतार कागदावर कसा काढावा

पृथ्वीचं कठीण कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे, म्हणजे भूपट्ट, वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात आणि बहुतेक भूकंप त्यांच्या कडांवर होतात. हे शाळेत सगळेच शिकतो. पण एक भूपट्ट दुसऱ्याखाली तिरका घुसतो हे कळलं कसं? तिथे खाली जाऊन कोणी पाहिलेलं नाही. हा उतार भूकंपांच्या खोलीतून दिसतो, आणि घरी बसून तो काढता येतो. आलेखाचा कागद, पट्टी आणि इंटरनेट एवढं पुरे.

earthquake.usgs.gov या अमेरिकी संकेतस्थळावर जुन्या भूकंपांचा शोध घेता येतो. जपानचा एक आडवा पट्टा निवडा: उत्तर अक्षांश ३८ ते ४०, पूर्व रेखांश १३० ते १४६. तीव्रता ५ किंवा जास्त ठेवा आणि काळ मात्र मोठा घ्या, निदान वीसेक वर्षांचा, कारण खोलवरचे भूकंप तुलनेने कमी होतात. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याची माहिती उघडली की Depth पुढे त्याची खोली किलोमीटरमध्ये मिळते.

कागदावर आडव्या रेषेला जमीन समजा आणि खोली तिच्याखाली मोजा. दोन्हीकडे १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर हेच प्रमाण ठेवा, नाहीतर उतार खोटा दिसेल. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण ८६ किलोमीटरचा असतो, म्हणून कागदावर तो ०.८६ सेंटिमीटर धरायचा. आता पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेकडे जात वीस-पंचवीस ठिपके मांडा.

१४४ अंशांच्या आसपास, जिथे समुद्रतळावर खोल गर्ता आहे, तिथले ठिपके जमिनीच्या रेषेलगत पडतील. पश्चिमेकडे जाल तसे ते खाली उतरत जातील आणि जपानच्या समुद्राखाली शेकडो किलोमीटर खोल पोहोचतील. ती तिरकी रांग म्हणजे खाली घुसणारा पॅसिफिक भूपट्ट. ११ मार्च २०११चा ९ तीव्रतेचा भूकंप या रांगेच्या वरच्या, उथळ टोकाजवळ झाला. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना अडकून बसतात, ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो.

दोन गोष्टींनी गोंधळ होतो. काही ठिपके रांगेपासून सुटून जपानच्या जमिनीखाली उथळ पडतील. ते वरच्या भूपट्टातले आहेत, त्यांना रांगेत धरू नका. आणि खोली नेमकी १० किलोमीटर असे आकडे वारंवार दिसले तर सावध राहा. खोली नीट ठरवता आली नाही की बऱ्याचदा हा ठरलेला आकडा टाकतात.

आता १४१ अंशांवर, इवाते ज्वालामुखीच्या जागी, एक त्रिकोण काढा आणि त्याच्या बरोबर खाली पाहा. रांग साधारण १०० किलोमीटर खोलीवर सापडेल. समुद्राखालून आलेल्या खडकात पाणी बांधलेलं असतं. एवढ्या खोलीवर ते सुटून वरच्या तप्त प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, शिरतं. पाण्यामुळे तिथला खडक कमी तापमानालाच वितळू लागतो आणि तो रस वर चढतो. खाली जाणारा भूपट्ट स्वतः वितळून लाव्हा होतो असं अनेकदा लिहिलेलं आढळतं, पण मुख्य काम पाण्याचं आहे.

हाच खटाटोप नेपाळसाठी केलात तर अशी लांब रांग मिळणार नाही. तिथले बहुतेक भूकंप उथळ आहेत. २५ एप्रिल २०१५चा ७.८ तीव्रतेचा भूकंपही तसाच. भारत आणि आशिया दोन्ही खंड, दोघांचं कवच जाड आणि हलकं, म्हणून ते खोल बुडत नाही. ते दुमडतं, एकावर एक चढतं आणि हिमालय उंचावतो. पाणी घेऊन खाली जाणारा समुद्रतळ उरलेला नसल्यामुळे तिथे जपानसारखी ज्वालामुखींची ओळ नाही.

सोलापूरचा पट्टा घेतलात तर कागद जवळपास कोराच राहील, कारण आपण भूपट्टाच्या कडेपासून फार दूर आहोत. तरीही ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे शेजारच्या किल्लारीत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भूपट्टाच्या मधल्या भागातही जुन्या भेगा असतात, आणि हिमालयाकडून येणारा दाब त्यांच्यापर्यंत पोहोचतो. केंद्र फार उथळ होतं, वर दगडमातीच्या जड भिंतींची घरं, म्हणून माणसं इतकी दगावली.

आपल्या काळ्या दगडालाही कडांचा नियम लागू होत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट प्रावरणातल्या एका तप्त जागेवरून जात होता, तेव्हा भेगांमधून हा लाव्हा थरावर थर पसरला. तीच तप्त जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.