बाकीचा मेसेज टाकायच्या आधी काय काय तयार पाहिजे

लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग संपलं की लगेच "काका बाकी पाठवा" असं टाकू नका, आधी वही काढा. आपल्याकडं लग्नाचे पैसे एकाच माणसाकडून एकाच वेळी येतच नाहीत. विसार नवरदेवाचा चुलता देतो, हळदीच्या रात्री थोरला भाऊ फोनवरून टाकतो, आणि मांडवात कोणीतरी मामा आपल्या लाईटवाल्या पोराच्या खिशात नोटांची घडी कोंबून "हिशोबात धरा बरं का" म्हणून निघून जातो, आणि पोरगं त्या गडबडीत ते सांगायचंच विसरतं. आता त्या पोराला फोन करून विचारा, आपला कॅमेरावाला, व्हिडिओवाला, सगळ्यांना विचारा, नंतर बँकेचं स्टेटमेंट बघा आणि मगच आकडा ठरवा. मांडवात कोणी चहापाण्याला दिलेले शंभर-दोनशे आणि हिशोबातले पैसे यातला फरक त्या पोरालाच ठाऊक असतो, म्हणून त्याला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

एक लग्न धरून चला. पार्टी केजकडची, कार्यालय अंबाजोगाईत, हळद आणि लग्न मिळून 70,000 ठरलेले. घरच्यांनी नंतर अल्बममदी 5 शीट वाढवून घेतल्या, शीटला 400 धरून 2,000 झाले. ड्रोनचे 4,000 पॅकेजमदी होते पण त्या दिवशी दुपारी असं वारं सुटलं की उडवलंच नाही, मग ते वजा. म्हणजे एकूण 68,000. आलेले बघितले तर विसार 10,000, हळदीला 30,000 आणि मामांनी पोराजवळ दिलेले 5,000, झाले 45,000. बाकी राहिली 23,000. आता हेच वही न बघता तोंडपाठ 30,000 लिहिले असते तर समोरून पहिला प्रश्न येतो, "ड्रोन कुठं उडालं हो?" आणि दुसरा मामांच्या पैशाचा, आणि मग बाकी राहते बाजूला आणि आपण पंधरा दिवस खुलासेच करीत बसतो. ड्रोन, जास्तीची लाईट, असं जे झालं नाही ते त्यांनी म्हणायच्या आधी आपणच वजा करून दाखवायचं, 4,000 जातात पण बाकीच्या आकड्यावर कोणी बोट ठेवत नाही.

दुसरं म्हणजे माल खरंच तयार पाहिजे. "थोडंच राहिलंय" असं असताना पैसे मागायचे नाहीत, कारण कधी कधी लोकं लगेच टाकतात बी, आणि मग आपण आठवडाभर फोन उचलायला घाबरतो. आपल्या या लग्नात निवडून 850 फोटो एडिट झालेत, ते हळद, सीमांतपूजन, लग्न, फॅमिली असे फोल्डर करून ठेवा आणि दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी असू द्या. त्यातले पाच-पन्नास फोटो मोठे करून बघा, नवरीच्या मुंडावळ्यांवर रंग चढला नाही ना, आजीचा फोटो राहिला नाही ना. आजीचा फोटो नसला की पैसे अडकलेच समजा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

मग नमुना. पूर्ण साईजचे फोटो पैशाच्या आधी कोणालाच द्यायचे नाहीत, नवरदेव आपला दोस्त असला तरी. 30 फोटो निवडा, लाईटरूममधून एक्स्पोर्ट करताना `Resize to Fit` मध्ये `Long Edge` 1200 पिक्सेल टाका, कोपऱ्यात नाही तर फोटोच्या अंगावर पुसट वॉटरमार्क घ्या आणि त्याचीच लिंक द्या. काही जण सगळा फोल्डर चढवून फक्त डाउनलोड बंद करतात आणि निवांत होतात, पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार, घरात सगळ्यांच्या हातात मोबाईल हाय. 1200 चा फोटो स्टेटसला चांगला दिसतो, मोठी प्रिंट काढली की फाटतो, आपल्याला तेवढंच पाहिजे. नमुन्यात नवरा-नवरीचेच फोटो भरू नका, ज्याच्या हातात पैसे हायत त्याचा एक झकास फोटो त्यात असलाच पाहिजे.

मेसेज कोणाला हे बी आधी ठरवा. ज्यानं विसार दिला त्यालाच, एकट्याला. घरच्या ग्रुपवर बाकीचा आकडा टाकला तर सोयरे वाचतात आणि काकांना ते लागतं, मग हिशोब बरोबर असून बी पैसे लांबतात. सकाळी दहा-अकराला टाका, रात्री नको. आणि मेसेज साधारण असा:

"नमस्कार काका, हळद आणि लग्नाचे मिळून 850 फोटो एडिट होऊन तयार आहेत, नमुन्याचे 30 खालच्या लिंकवर बघा. हिशोब: पॅकेज 70,000, वाढीव 5 शीट 2,000, ड्रोन झालं नाही म्हणून वजा 4,000, एकूण 68,000. जमा: विसार 10,000, हळदीला 30,000, मामांनी मांडवात दिलेले 5,000, एकूण 45,000. बाकी 23,000. जमा झाले की त्याच दिवशी सगळ्या फोटोंची लिंक देतो, पेनड्राइव्ह पण तयार आहे. शनिवारपर्यंत जमेल का? हिशोबात काही राहिलं असंल तर फोन करा."

यात "कृपया", "नाईलाजानं" असलं काही नाही, आणि दमदाटी बी नाही. पैसे आले की काय मिळणार आणि कधी, हे एका ओळीत हाय, तीच ओळ लोक विसरतात.

उत्तर काय येईल त्याची तयारी आधीच ठेवा. "सोयाबीनची पट्टी आली की देतो" हे तर येणारच, आणि ते खोटं असतंय असं नाही, मोंढ्यात माल घातला तरी आडतीवरून पैसे हातात पडायला वेळ लागतो. अशा वेळी तारीख घ्या आणि जमतील तेवढे आत्ता मागा. 10,000 आले तर हळदीचा फोल्डर देऊन टाका, लग्नाचा ठेवा. अल्बम मात्र पूर्ण बाकी आल्याशिवाय लॅबला पाठवायचा नाही, छापलेला अल्बम दुसऱ्या कोणाला विकता येत नाही आणि लॅबचं बिल आपल्याच खिशातून जातं. "अल्बम हातात पडल्यावर सगळे एकदम देतो" म्हणणाऱ्याला हेच सरळ सांगा. फोटो निवडायला घरचे महिनोन्महिने लावतात, तेवढा वेळ आपली बाकी अडकवायचं काही कारण नाही.

काकांनी नुकतंच यूपीआय चालू केलं असंल तर पहिले 24 तास 5,000 च्या वर पैसे जात नाहीत, म्हणून "पैसे जाईनात" म्हणले की लगेच बहाणा समजू नका, खाते नंबर आणि आयएफएससी आधीच लिहून ठेवा आणि तो पाठवा. आणि पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आला तरी लिंक सोडायची नाही, आपल्या बँकेत जमा दिसले तरच. स्क्रीनशॉट कोणी बी बनवतंय.

जमा झाले की "23,000 मिळाले, बाकी निरंक" एवढं लिहून मगच लिंक, आणि ती किती दिवस चालू राहील ते बी सांगा. 850 फोटो साधारण 8-9 जीबी होतात, फुकटच्या ड्राइव्हला 15 जीबीच जागा असते आणि त्यात आपले मेलबी बसलेले असतात, म्हणून जागा आदल्या दिवशीच रिकामी करा. नवरीकडचे त्याच रात्री फोन करून "आम्हालाबी लिंक टाका" म्हणतील, त्यांना काकांकडून घ्या म्हणून सांगा, आपण परस्पर पाठवायची नाही.