स्निग्धांशाच्या स्तंभाखालचे पांढरे कडे

फोंडा तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राच्या छोट्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले तेव्हा दुधातील स्निग्धांश मोजायच्या काचेच्या नळीची, म्हणजे ब्युटिरोमीटरची, पद्धत मला पाठ होती, पण तिच्यातील प्रत्येक माप तसेच का आहे हे मात्र उमगलेले नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात, चवथीच्या आधीच्या दिवसांत, नेहमीच्या एका म्हशीच्या दुधाच्या कॅनमधील स्निग्धांश एका नळीत ५.९ तर त्याच नमुन्याच्या दुसऱ्या नळीत ६.२ टक्के दिसला. कॅन आणणारे काका समोर उभे होते. "बाय, काल सहा-तीन आले होते, म्हस तीच आणि खाणेही तेच," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी चूक शोधताना जे समजले, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी पद्धत थोडक्यात सांगते. ब्युटिरोमीटरमध्ये प्रथम १० मिलि सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पिपेटने १०.७५ मिलि दूध आणि शेवटी १ मिलि ॲमिल अल्कोहोल घालायचे. रबरी बूच घट्ट बसवून नळी पूर्ण हलवायची, ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे ठेवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला साधारण ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटे फिरवायची, पुन्हा ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि मग नळीवरील टक्क्यांची पट्टी वाचायची. स्वित्झर्लंडचे निकलाउस गेर्बर यांनी १८९१ च्या सुमारास रूढ केलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच चालते.

आम्लाचे काम नीट समजले की अर्धी पद्धत समजली. दुधातील स्निग्ध पदार्थ सूक्ष्म गोलिकांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोलिकेभोवती प्रथिनयुक्त आवरण असते, म्हणून दूध नुसते गरम करून किंवा फिरवून सगळा स्निग्धांश वेगळा काढता येत नाही. तीव्र आम्ल ही आवरणे आणि दुधातील केसीन विरघळवते. सुरुवातीला पांढरा साका दिसतो, मग तो विरघळत जाऊन मिश्रण तपकिरी होते. आम्ल आणि दुधातील पाणी एकत्र येताना इतकी उष्णता निघते की नळी फडक्याशिवाय हातात धरवत नाही. ती उष्णताच स्निग्धांश वितळवून द्रव ठेवते. शिवाय आम्लामुळे खालचे द्रावण बरेच जड होते आणि हलका स्निग्धांश वर येण्यासाठी लागणारा घनतेतील फरक वाढतो.

यावरून आम्ल आधी का घालायचे हेही कळते. आम्लाची घनता १.८ च्या आसपास आणि दुधाची १.०३, त्यामुळे नळीच्या कडेवरून सावकाश सोडलेले दूध आम्लावर थर धरून राहते आणि आपण हलवेपर्यंत दोन्ही फारशी मिसळत नाहीत. तीव्र आम्लात पाणी ओतू नये हा नियम येथे मोडल्यासारखा वाटतो, पण थर न मोडता दूध सोडणे हीच त्यातील सुरक्षितता आहे. घाईने धार सोडली तर ते जागीच उसळते. दूध घालताना नळीच्या मानेला स्पर्श होऊ नये, कारण ओल्या मानेत बूच सरकते आणि हलवताना गरम आम्ल बाहेर येऊ शकते. डोळ्यांना चष्मा आणि अंगावर एप्रन न घालता मी ही नळी कधीही हलवत नाही.

आता त्या दिवशीच्या नळीकडे वळते. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळीत पिवळसर पारदर्शक स्तंभाच्या खाली कापसासारखे पांढरे कडे तरंगत होते. स्तंभ नेमका कोठे संपतो हे त्यामुळे ठरवता येत नव्हते; एका नळीत मी कडे वगळून वाचले होते, दुसऱ्या नळीत त्याचा काही भाग स्तंभात धरला गेला होता. दोन वाचनांतील फरक दुधात नव्हता, तो त्या कड्यात होता. हे कडे म्हणजे न विरघळलेले प्रथिन, आणि त्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे कमजोर आम्ल. तशी दोन कारणे आणखी असू शकतात: नळी पुरेशी हलवलेली नसणे, किंवा फॉर्मॅलिन घालून टिकवलेला नमुना असणे, कारण फॉर्मॅलिनमुळे केसीन कठीण होऊन आम्लात हळू विरघळते. मी दुसऱ्या दोन नळ्या मुद्दाम जास्त वेळ हलवून पाहिल्या, दूध सकाळचे ताजे होते, तरी कडे राहिले. म्हणून आम्लाकडे गेले.

आमच्याकडे आम्ल एका मापक बाटलीत ओतून ठेवले जाई आणि तिचे काचेचे झाकण दिवसभर सैल असे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि गोव्यातील जून ते सप्टेंबरची हवा कशी असते हे सांगायला नको. भारतीय मानकानुसार या पद्धतीच्या आम्लाची घनता २७ अंशांना १.८०७ ते १.८१२ दरम्यान, म्हणजे वजनाने साधारण ९० ते ९१ टक्के, असावी लागते. उंच मापक नळकांड्यात आम्ल घेऊन, त्याचे तापमान २७ अंशांवर येऊ देऊन मी हायड्रोमीटर सोडला, तो १.७८० वर थांबला. दुरुस्तीच्या मागे न लागता ते आम्ल बाजूला काढले आणि बंद बाटलीतील तपासलेले आम्ल घेतले. त्याच कॅनच्या ढवळलेल्या नमुन्याच्या नव्या दोन नळ्यांत स्तंभ स्वच्छ आला आणि दोन्हींचे वाचन ६.३ टक्के निघाले. काकांच्या पावतीवर तेच लिहिले.

उलट टोकाची चूकही याच कामात होते. दुकानातून आणलेले सुमारे ९८ टक्क्यांचे आम्ल सौम्य न करता वापरले तर स्निग्धांश आणि प्रथिने करपतात, स्तंभ गडद होतो आणि तळाशी काळे कण दिसतात. तेव्हा खूण लक्षात ठेवावी: पांढरे कण दिसले तर आधी कमजोर आम्लाचा संशय, काळे कण दिसले तर तीव्र आम्लाचा. तीव्र आम्ल सौम्य करताना मात्र पाण्यात आम्ल थोडे थोडे घालायचे, भांडे थंड पाण्यात ठेवून. आम्लात पाणी कधीही नाही.

ॲमिल अल्कोहोलबद्दल नवे लोक फारसे विचारत नाहीत, कारण ते एकच मिलि असते. आम्लाने आवरणे विरघळवली तरी मोकळे झालेले स्निग्ध थेंब आणि भोवतीचे जलीय द्रावण यांच्या सीमेवर ताण राहतो. ॲमिल अल्कोहोल तो ताण कमी करते, थेंब एकमेकांत मिसळून वर येतात आणि स्तंभाची खालची कड रेषेसारखी स्पष्ट होते. ते करपणेही रोखते. मात्र ते जास्त पडले तर त्यातील काही भाग स्निग्धांशातच जातो आणि वाचन फुगते, म्हणून ‘थोडे जास्त चालेल’ ही सवय लागू देऊ नये. अशुद्ध ॲमिल अल्कोहोलचा दोष आणखी फसवा असतो: त्यातील तेलकट अंश स्तंभात मिसळून सगळ्याच दुधांचा स्निग्धांश वाढवतो, आणि स्तंभ दिसायला मात्र निर्दोष असतो. ते पकडण्याचा साधा उपाय म्हणजे दुधाऐवजी पाणी घालून तीच पूर्ण चाचणी करणे. पट्टीवर काही तेलकट थर जमला तर ती बाटली वापरायची नाही. आम्ही प्रत्येक नवी बाटली उघडताना हे करतो.

पट्टी वाचणे हा भाग मला स्वतःला सर्वांत जास्त आवडतो, कारण तिच्यामागचे गणित अगदी साधे आहे. पट्टीवरील १ टक्क्याच्या अंतरात ०.१२५ मिलि मावते. १०.७५ मिलि दुधाचे वजन सुमारे ११.०७ ग्रॅम, म्हणजे त्याचा एक टक्का ०.११०७ ग्रॅम. ६५ अंशांना स्निग्धांशाची घनता साधारण ०.८९ असते, भागाकार केला की ०.१२४ मिलि येते, जवळपास पट्टीवरील तेच माप. यावरून दोन गोष्टी निघतात. पिपेट पाव मिलि कमी भरली तर ६.३ टक्क्यांचे दूध ६.१५ च्या आसपास दिसेल. आणि नळी बाथमधून काढून गप्पा मारत वाचली, तर स्निग्धांश आकुंचन पावून सुमारे एक रेघ, म्हणजे ०.१ टक्का, कमी दिसू शकतो.

वाचताना नळी उभी, पट्टीचा भाग डोळ्यांच्या पातळीत धरावी. बुचातील खिळा किंचित आत दाबून स्तंभाची खालची कड एखाद्या मोठ्या रेषेवर आणावी. खिळा बाहेर ओढून नव्हे, कारण त्याने स्तंभ खाली घसरतो आणि त्याचा थोडा भाग काचेला चिकटून मागे राहतो. समजा खालची कड १ वर आहे. वरचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट असतो. त्याचा सर्वांत खालचा बिंदू ७.३ वर आला तर उत्तर ६.३. काचेला लागून वर चढलेली कड वाचली तर उत्तर हमखास जास्त येते. खालची कड दुसऱ्या वेळी पुन्हा तपासावी, कारण पहिल्या नजरेत ती हललेली असू शकते. एका नमुन्याच्या दोन नळ्यांत एका रेघेहून जास्त फरक दिसला तर सरासरी काढू नये, चाचणी पुन्हा करावी.

समजातीकरण केलेल्या पिशवीच्या दुधाबाबत एक अपवाद सांगायला हवा. त्यातील गोलिका यंत्राने अतिसूक्ष्म केलेल्या असतात आणि एका फेरीत पूर्ण वर येत नाहीत, म्हणून नळी पुन्हा गरम करून आणखी एकदोनदा फिरवावी, आणि स्तंभ वाढायचा थांबला की मगच अंतिम वाचन घ्यावे.

त्या पावसाळ्यापासून आमच्या मेजावर एक वही आहे. सोमवारी सकाळी पहिला नमुना घेण्यापूर्वी मापक बाटलीतील आम्लाची घनता, तेव्हाचे तापमान आणि पाण्याच्या चाचणीचा निकाल तिच्यात लिहिला जातो, आणि जूनपासून चवथ होईपर्यंत ही नोंद दर तिसऱ्या दिवशी केली जाते. मापक बाटलीत आता एका दिवसाला पुरेल एवढेच आम्ल ओततो, उरलेले काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत राहते.